वाईट शक्यता दिसली, की लगेच तरतूद?

“मॅडम, मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑडिट फर्मच्या निवड परीक्षांत गणितं सुटतात, पण प्रोव्हिजन, कंटिंजंट लायबिलिटी आणि साठ्याचं मूल्यांकन यांवरचे ‘चूक की बरोबर’ प्रश्न निम्मे चुकतात. व्याख्या तर पाठ आहेत. ऑडिटचा नाद सोडू का?” – एक विद्यार्थिनी

ऑडिट सोडण्याजोगं यात काही नाही. या प्रकरणात बहुतेक मुलं एकाच बाजूला घसरतात. हिशेब सावधपणे लिहायचे हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे विधानात नुकसानीचा वास आला की हात ‘बरोबर’कडे जातो. प्रश्न काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

हे विधान बघ: ‘पुढच्या वर्षी तोटा होणार हे निश्चित असेल, तर त्याची तरतूद यंदाच करावी.’ चूक. आयएएस ३७ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे तरतुदीला, म्हणजेच प्रोव्हिजनला, तीन गोष्टी लागतात. आधी घडून गेलेल्या घटनेतून आज देणं उभं असलं पाहिजे, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त हवी आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता आला पाहिजे. पुढच्या वर्षीचा तोटा कितीही निश्चित असो, त्यामागे आजचं देणं नाही. तोट्यात जाणारा, मोडता न येणारा करार आधीच केलेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे बांधिलकी करारानेच आणलेली असते.

आता याच्या उलट दिशेचं: ‘वर्षअखेरीपर्यंत ग्राहकाने दावा लावला नव्हता, म्हणून तरतूद लागत नाही.’ हेही चूक. सदोष यंत्राने ग्राहकाचं नुकसान वर्षअखेरीआधी झालं असेल, तर देणं निर्माण करणारी घटना तीच. दाव्याचा कागद नंतर आला तरी चालतो. वकील म्हणाले की भरपाई द्यावी लागण्याचीच शक्यता जास्त आहे आणि रकमेचा अंदाज आहे, तर तरतूद होते. ते म्हणाले की हरण्याची शक्यता आहे पण कमी, तर ती आकस्मिक देयता, म्हणजेच कंटिंजंट लायबिलिटी: ताळेबंदात आकडा नाही, टिपेत माहिती द्यायची. शक्यता नगण्यच असेल तर टीपही लागत नाही.

‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द दिसले की विधान चूक, ही युक्ती क्लासमध्ये सर्रास सांगतात. इथे तिच्या नादी लागू नकोस. ‘आयएएस ३७ नुसार आकस्मिक देयता ताळेबंदात कधीच देयता म्हणून नोंदवत नाहीत’ हे विधान बरोबर आहे.

साठ्याकडे जास्त लक्ष दे. निव्वळ वसुली मूल्य म्हणजे अंदाजे विक्री किमतीतून माल पूर्ण करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. ‘खर्च किंवा निव्वळ वसुली मूल्य, जे कमी असेल ते’ हा आयएएस २ चा नियम सगळ्यांना येतो, आणि म्हणूनच पुढचं विधान फसवतं: ‘कच्च्या मालाची बाजारातली किंमत खरेदीच्या खाली गेली, तर त्याचं मूल्य कमी करावंच लागतं.’

समज, कच्चा माल १०० ला घेतला आणि आज तो ८० ला मिळतो. त्यावर प्रक्रियेचा खर्च ६०, म्हणजे तयार वस्तू १६० ला पडते. ती १७५ ला विकली जाईल आणि विक्रीचा खर्च १० असेल, तर हाती १६५ येतात. पडलेला खर्च सगळा भरून निघतो. मग कच्चा माल १०० लाच ठेवायचा, कारण तो विकायला घेतलेला नाही, वापरायला घेतला आहे. विधान चूक. पण वस्तूची विक्री किंमत १५० वर आली, तर हाती १४० च येतात, म्हणजे २० चा तोटा. आता मात्र माल ८० वर आणावा लागतो. कच्च्या मालाचा दर दोन्ही वेळी ८० च होता, उत्तर बदललं ते तयार वस्तूच्या किमतीमुळे.

एकूण बेरजेवर तुलना करण्याचा सापळाही याच घरातला. एका वस्तूचा खर्च ५० आणि वसुली मूल्य ७०, दुसरीचा खर्च ५० आणि मूल्य ४०. बेरीज केली तर १०० विरुद्ध ११०, आणि सगळं आलबेल वाटतं. पण तुलना साधारणपणे वस्तूगणिक करायची असते, म्हणून साठा ९० ला दाखवायचा. पहिल्या वस्तूचा न झालेला नफा दुसरीचा तोटा झाकू शकत नाही.

सरावात प्रत्येक ‘चूक’ विधानापुढे ते बरोबर ठरायला नेमका कुठला तपशील बदलावा लागेल, ते एका ओळीत लिही. वरच्या कच्च्या मालाच्या विधानापुढे, ‘तयार वस्तूही तोट्यात जाणार असेल तर’. ही ओळ सुचली नाही, तर उत्तर जुळलं तरी ते अंदाजाने जुळलं असं धर. ऑडिटच्या कामातही साठ्याची यादी हातात आली की दर तपासण्याआधी विचारायचं ते हेच: हा माल विकायचा आहे की वापरायचा?