‘Screen overlay detected’ आणि दिवेलागणीनंतर अडणारी परवानगी

प्रश्न: कुठल्याही अ‍ॅपला कॅमेरा किंवा माइकची परवानगी द्यायला गेलं की ‘Screen overlay detected’ येतं आणि बटण दाबलंच जात नाही. फोन रिसेट करावा का?

रिसेट अजिबात करू नका. याच मुद्द्यावरून आमच्या घरात माझं आणि थोरल्या भावाचं चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांचा फोन अँड्रॉइड ६ चा. रात्री वाचताना डोळे दुखतात म्हणून त्यात स्क्रीन पिवळसर करणारं एक अ‍ॅप टाकलेलं. व्हिडिओ कॉलचं नवीन अ‍ॅप घेतलं, कॅमेऱ्याची परवानगी मागणारी चौकट आली आणि Allow दाबताच हा मेसेज. दादाने आधी कॉलच्या अ‍ॅपलाच दोषी ठरवलं, काढून परत टाकलं. तेच. मग चॅटचे ते तरंगणारे गोल बंद केले. तरी तेच. शेवटी ‘सॉफ्टवेअर गेलंय, रिसेट मार’ म्हणून मोकळा झाला. बाबांचे सगळे फोटो आणि जुने मेसेज त्याच फोनमध्ये होते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मला एक गोष्ट खटकत होती. त्याच दिवशी सकाळी बाबांनी दुसऱ्या एका अ‍ॅपला माइकची परवानगी विनातक्रार दिली होती. अडायचं ते दिवेलागणीनंतरच. दादाचं म्हणणं, दिवसभर वापरून फोन तापतो. मी संध्याकाळी बाबांच्या फोनवर स्क्रीनशॉट काढला, माझ्या फोनवर पाठवला आणि उघडून बघितला, तर पांढरी जागा तिथेही पिवळी! चोर तिथेच सापडला. फोनमध्ये मुळातच असलेली Night Light सारखी सोय रंग अगदी शेवटच्या टप्प्यावर बदलते, त्यामुळे ती सहसा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. वेगळं टाकलेलं फिल्टर अ‍ॅप मात्र अख्ख्या स्क्रीनवर एक अर्धपारदर्शक रंगीत खिडकी पसरतं आणि ती स्क्रीनशॉटमध्ये येते. बाबांच्या अ‍ॅपला सूर्यास्ताची वेळ लावलेली होती, म्हणून सकाळी सगळं सुरळीत.

तुमचं बोट त्या खिडकीतून आरपार जातं, पण अँड्रॉइड त्या स्पर्शावर ‘वर काहीतरी होतं’ अशी खूण करून ठेवतं. परवानगीची चौकट ती खूण बघते आणि स्पर्श नाकारते. ती खिडकी कोणाची, हे त्या खुणेत लिहिलेलं नसतं, म्हणून मेसेजमध्ये अ‍ॅपचं नाव येत नाही आणि माणूस भलत्याच अ‍ॅपवर राग काढतो. हा बिघाड नाहीच. हा पहारा नसता तर एखाद्या लबाड अ‍ॅपने वर ‘खेळ सुरू करा’ असं चित्र दाखवून खालचं Allow तुमच्याच बोटाने दाबून घेतलं असतं.

तर Settings मध्ये Apps उघडा, वरच्या दातेरी चक्रात जा आणि Draw over other apps शोधा. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते Special app access खाली Display over other apps या नावाने असतं, काही फोनवर Appear on top. तिथे फिल्टरचं किंवा गोलवाल्या अ‍ॅपचं बटण बंद करा, परत येऊन परवानगी द्या आणि मग फिल्टर खुशाल चालू करा. दिलेली परवानगी तशीच राहते. नोटिफिकेशनमधल्या Pause वर विसंबू नका. रंग गेला तरी खिडकी मागे राहू शकते.

दादा आजही म्हणतो, रिसेटने काम झालंच असतं. झालं असतं, कारण फिल्टर अ‍ॅपही पुसलं गेलं असतं! बॅकअपमधून ते परत आलं असतं आणि बाबांनी पुन्हा सूर्यास्ताची वेळ लावली असती, की त्याच संध्याकाळी पुन्हा हाच मेसेज. शिवाय त्या यादीतलं सगळंच कायमचं बंद ठेवा हा त्याचा सल्लाही मला मान्य नाही. बाबांना रात्री तो पिवळा रंग लागतो. यादी नीट वाचा आणि ज्याचं तिथे काही काम नाही तेवढंच बंद करा. ‘मी तर परवानगी दिलीच नव्हती’ असं वाटणारी नावंही त्यात दिसतील, कारण 6.0.1 पासून प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपना ती आपोआप मिळत असे.

यादीतून अंदाज लागला नाही तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे बाहेरून टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, पण Settings मधून त्यांना परवानगी देता येते. हे सगळं मुख्यतः अँड्रॉइड ६ आणि ७ साठी. ८ पासून हा मेसेज फारसा दिसत नाही. १२ पासून मात्र दुसऱ्या अ‍ॅपची गडद खिडकी वर असेल तर खालच्या अ‍ॅपपर्यंत स्पर्श पोचतच नाही आणि मेसेजही येत नाही, त्यामुळे बटण मुकाट्याने अडलं तरी आधी फिल्टर बंद करून बघा.