आजीच्या वयाचा पुरावा: आधी तिच्या माहेरच्या गावी जा

«आजी सत्तरीच्या पुढची आहे, पण आधारवर १/१/१९६३ आहे. जन्मदाखला नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. श्रावणबाळसाठी ६५ वर्षं कशी दाखवू?»

अगदी हेच माझ्या आत्याचं झालं होतं. आधारच्या शिबिरात चेहरा बघून वय टाकलं आणि जन्मतारीख आपोआप १ जानेवारी झाली. आता आधार केंद्राच्या रांगेत लगेच उभं राहू नका. तिथं जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून ती संधी पक्का कागद हातात आल्यावरच वापरा.

माझी चूक सांगतो. आत्याच्या सासरच्या गावी जन्मनोंद मागितली. तिथल्या माणसानं रजिस्टर न उघडताच ‘नोंद नाही’ म्हणून परत पाठवलं आणि मी तेच धरून बसलो. मग घाईनं प्रतिज्ञापत्र केलं, त्यात अंदाजानं जन्मसाल १९५२ लिहिलं. पुढे जुन्या मतदार यादीची प्रत मिळाली. १९९५च्या यादीत आत्याचं वय ४५ होतं, आणि तेव्हा यादीतलं वय त्या वर्षीच्या १ जानेवारीचं असायचं, म्हणजे जन्म १९४९चा. दोन कागदांत तीन वर्षांचा फरक पडला आणि अर्ज परत आला. माझ्या हातच्या त्या एका आकड्यापायी आत्याचं अनुदान दीड वर्ष लांबलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

बाईमाणसाची नोंद सासरी कशी सापडेल? ती माहेरच्या गावी असते, आणि पहिलटकरणीचं मूल असेल तर बहुधा आजोळच्या गावी. दोन्हीकडचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात बघायला मागा. त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतंच, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगी’. म्हणून आजीच्या भावंडांची साल आधी जुळवून घ्या. आत्याचा थोरला भाऊ १९४६चा होता, त्यामुळे १९४९ची ‘मुलगी’ तीच हे दाखवता आलं. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. काहीच सापडलं नाही तर नोंद आढळत नसल्याचा लेखी दाखला मागा, तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

या योजनेला मतदार यादीतल्या किंवा रेशन कार्डावरच्या वयाचा उताराही चालतो, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला. माझ्या मते यादी हातात असल्याशिवाय डॉक्टरांकडे जाऊच नका. म्हातारपणी एक्स-रेवरून नेमकं वय निघत नाही, डॉक्टर अंदाजच लिहितात, आणि समोर जुना कागद असला तर तो अंदाज त्याच्याशी ताडून बघतात. आत्याचं काम शेवटी यादी, नमुना १४चा उतारा आणि हा दाखला, तिन्ही एकत्र जोडल्यावर झालं.

मी वकील नाही. तहसीलनिहाय मागण्या वेगळ्या असू शकतात, तेव्हा तुमच्याकडच्या संजय गांधी शाखेत लागणाऱ्या कागदांची यादी विचारून घ्या. प्रत्येक अर्जाची पोच मात्र शिक्क्यानिशी घ्या, माझी पहिली पोचच नव्हती.