'आय सीन' दिसलं की लगेच 'हॅव' चिकटवू नका

प्रश्न: माझा पुतण्या इंग्लंडात स्विंडनला वाढला, आता गोव्यात हॉटेलात लागलाय. रिपोर्टमध्ये 'आय सीन', 'ही डोन्ट', 'वी वॉज' असं लिहितो. फाइंड-रिप्लेस मारून एकदम दुरुस्त करता येईल का?

उत्तर: नाही. आमच्याकडे एका साहेबाने नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहायला बसलोय.

माझा थोरला चुलतभाऊ बरीच वर्षं बोटीवर होता, नंतर कांदोळीच्या एका हॉटेलात सिक्युरिटी सुपरवायझर झाला. मी तिथेच फ्रंट ऑफिसला. दादाचं इंग्रजी सगळं कानावरून आलेलं, अर्धं बोटीवरच्या इंग्रज खलाशांकडून आणि अर्धं चार्टर विमानाने येणाऱ्या पाहुण्यांकडून, त्यामुळे बोलायला लागला की गोरे खूश. एका रात्री एक म्हातारा पाहुणा पूलजवळ घसरून पडला, पाय मोडला, आणि इन्शुरन्ससाठी दादाने रिपोर्ट लिहिला. त्यात असं होतं: 'लास्ट नाइट आय सीन द गेस्ट निअर द पूल. आय सीन हिम बिफोर, अ‍ॅट द बार. ही वॉज लास्ट सीन स्टँडिंग बाय द पूल बॉय.'

साहेबाने 'सीन'च्या जागी सगळीकडे 'हॅव सीन' टाकलं. तिसऱ्या वाक्यात 'वॉज लास्ट हॅव सीन' झालं, ते दिसल्यावर त्याने हाताने नीट केलं, पण पहिली दोन तशीच गेली. आणि वर सगळ्यांसमोर दादाला म्हणाला, अडाणी इंग्रजी लिहू नकोस.

आता नीट बघा. पहिल्या वाक्यात 'लास्ट नाइट' आहे. वेळ ठरलेली, संपलेली, म्हणजे तिथे 'आय सॉ'. 'लास्ट नाइट आय हॅव सीन' ही आपली खास भारतीय चूक, म्हणजे साहेबाने बोलीतला शब्द काढून सरळ चूक घातली. दुसरं वाक्य महत्त्वाचं. पडण्याच्या आधी, त्याच संध्याकाळी बारवर पाहिलं होतं, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट, तिथे 'आय हॅड सीन हिम अर्लियर'. 'हॅव सीन हिम बिफोर' लिहिलं की अर्थ होतो कधीतरी, आजपर्यंत केव्हाही, अगदी मागच्या सीझनलासुद्धा. इन्शुरन्सवाल्यांनी नेमकं तेच विचारलं, की बारवर केव्हा पाहिलं? तिसऱ्यात 'सीन'ला हातच लावायचा नाही, आधी 'वॉज' आहे आणि तो पॅसिव्ह आहे. एकच शब्द, तीन वाक्यं, तीन वेगळे निकाल. हॅव, हॅड किंवा वॉज-वेअर आधी असेल तर 'सीन' बहुधा बरोबर असतो. एकटाच उभा असेल तर आधी वेळ शोधायची, मग ठरवायचं, आणि रिपोर्टमध्ये दहातल्या नऊ वेळा ते 'सॉ'च निघतं.

'ही डोन्ट' सोपं, पण तिथेही काळ बघा. 'ही डोन्ट स्विम' म्हणजे त्याला पोहता येत नाही, तिथे 'डझन्ट'. 'आय आस्क्ड हिम बट ही डोन्ट आन्सर' ही मात्र कालची हकीकत, तिथे 'डिडन्ट'. 'वी वॉज'चं 'वी वेअर' होतं, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. निसटतं कुठे, तर कर्ता लांब असतो तिथे: 'द गेस्ट्स फ्रॉम द सेकंड फ्लोअर वॉज शाउटिंग'. 'वॉज'च्या शेजारी 'फ्लोअर' दिसतो म्हणून डोळा फसतो, ओरडत पाहुणे होते. स्पेलिंग चेकर यातलं काही पकडत नाही कारण 'सीन' आणि 'वॉज' हे शब्द स्वतः बरोबरच आहेत. त्यामुळे 'सीन', 'डोन्ट', 'वॉज' एकेक करून शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून कोण आणि केव्हा हे दोन प्रश्न विचारायचे. रिप्लेस ऑलचं बटण विसरा.

आणि त्या अडाणीपणाबद्दल. ही इंग्लंडातल्या कामकरी लोकांची रोजची बोली आहे, आयर्लंड-अमेरिकेतही बोलतात, आणि तिच्यात काय चालतं काय नाही हे ठरलेलं असतं. 'यू वॉज' तर अठराव्या शतकात शिकलेली माणसंही लिहायची, रॉबर्ट लाउथने १७६२ साली आपल्या व्याकरणात त्यावर ताशेरे ओढले. म्हणजे दादा जे बोलत होता ते खऱ्या इंग्रजांचं होतं, साहेबाचं 'लास्ट नाइट आय हॅव सीन' इंग्लंडात सहसा कुणाच्या तोंडी सापडणार नाही. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही तो भाग वेगळा.

रिपोर्टमध्ये प्रमाण इंग्रजीच हवी, त्यात वाद नाही, पुतण्याला तसं सांगा. फक्त एक राहिलं: पाहुण्याचं किंवा साक्षीदाराचं बोलणं अवतरण चिन्हात असेल तर तिथलं 'आय सीन' तसंच ठेवायचं. ते त्याचे शब्द आहेत, पुढे पोलिसांपर्यंत गेलं तर बदललेलं वाक्य तुमच्याच अंगाशी येईल.