अरबीत लाख-कोटी : ‘लक्क’ कुठे चालतो, ‘करूर’ का नको

प्रश्न : विक्री-कराराच्या फोटोत ‘रु. २,४५,६०,५००’ असं आहे. अरबीत शब्दांत लिहून द्यायचंय. तिकडच्या लोकांसाठी ‘लक्क’ आणि ‘करूर’ लिहिलं तर चालेल ना?

‘करूर’ अजिबात नको. तो ऐकायला आपला कोटीच वाटतो, आणि मूळही आपलंच, पण फारसीत गेल्यावर त्याची किंमत थेट विसाव्या हिश्श्यावर आली : तिथे करूर म्हणजे पाच लाख. १८२८च्या तुर्कमानचाय तहात इराणने रशियाला दहा करूर तोमान द्यायचं कबूल केलं. ते पन्नास लाख होते, दहा कोटी नव्हेत. शब्द सारखा म्हणून रक्कमही सारखी धरणारे जाणकार हे का तपासत नाहीत, कळत नाही. ‘लक्क’ इराक आणि आखातात बोलताना एक लाखासाठी चालतो, पण इजिप्त-मोरोक्कोच्या वाचकाला तो अनोळखी. करारात दोन्ही नकोत.

प्रमाण अरबीत हजारानंतर थेट मिल्यून येतो. लाखाला ‘मिअत अल्फ’, म्हणजे शंभर हजार. कोटीला ‘अशरत मलायीन’, म्हणजे दहा मिल्यून. अब्जाला ‘मिल्यार’. पण हे शब्द एकेक करून बसवू नका. आधी सगळे स्वल्पविराम पुसा : २४५६०५००. मग उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा : २४,५६०,५००. आता वाचा :

अर्बआ व इश्रून मिल्यूनन्, व खम्समिआ व सित्तून अल्फन्, व खम्समिअत रूबिया.

सुरुवातीलाच ‘चार आणि वीस’ आहे, बघा. एकक आधी, दशक नंतर, आपल्या ‘चोवीस’सारखंच. इंग्रजीवरून भाषांतर करणारे नेमके इथे उलटापालट करतात. नामाचं रूपही आकड्यावर ठरतं : तीन ते दहापर्यंत अनेकवचनी ‘मलायीन’, अकरा ते नव्व्याण्णवपर्यंत एकवचनी ‘मिल्यूनन्’. म्हणून ‘चोवीस मलायीन’ चूक.

फोटोतले देवनागरी अंक मात्र तसेच ठेवू नका. अरबी लिपीत पाचचा अंक आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य नुसता ठिपका. तिकडच्या नजरेला आपल्या ‘५००’मधली दोन शून्यं पंचावन्न वाटू शकतात.

कागद करार नसून ताळेबंद असेल, तर तक्त्याच्या डोक्यावरची ‘रु. लाखांत’ ही ओळ फोटोत आली आहे का ते आधी पाहा. ती कापली गेली, तर २४५.६०५ हा आकडा दोनशे पंचेचाळीस रुपये साठ पैशांच्या आसपासचा वाटतो. खरी रक्कम वरचीच, दोन कोटी पंचेचाळीस लाख साठ हजार पाचशे. दशांशानंतर तीन आकडे दिसले की संशय घ्या, पैसे दोनच आकड्यांत लिहितात. ती ओळ नसेल, तर पूर्ण पानाचा फोटो मागवल्याशिवाय अरबी शब्द लिहू नका.