बारा महिन्यांना पाच दिवस कमी

प्रश्न : पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत 16 जून 2025 ला लागलो. जॉइनिंग बोनस 2 लाख 40 हजार, टॅक्स कापून हातात 1,90,080 आले. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, पण कन्फर्मेशनचं पत्र आजवर आलेलं नाही. विचारलं तर एचआर म्हणते, ‘ते आपोआप होतं.’ आता दुसरीकडे ऑफर आहे, 15 जूनपर्यंत या म्हणतात. प्रोबेशनची 30 दिवसांची नोटीस धरून 11 मे रोजी राजीनामा द्यायचा विचार आहे. बोनस परत द्यावा लागेल का? लागला तर सगळा? ऑफर लेटर सोबत जोडलं आहे.

उत्तर : 11 मे रोजी राजीनामा देऊ नका. बाकी मुद्द्यांवर बोलूच, पण ही तारीख आधी डोक्यातून काढा.

तुमच्या ऑफर लेटरचं दुसरं परिशिष्ट तुम्ही वाचलेलं दिसत नाही. सही मात्र प्रत्येक पानावर आहे. त्यातला बोनसचा परिच्छेद सांगतो की, रुजू झाल्यापासून बारा महिने पूर्ण होण्याआधी नोकरी कोणत्याही कारणाने संपुष्टात आली, तर बोनसची संपूर्ण ढोबळ रक्कम परत करावी लागेल. यात सगळं वजन ‘नोकरी संपुष्टात आली’ या शब्दांवर आहे. बऱ्याच कंपन्यांच्या पत्रांत इथे ‘राजीनामा दिला किंवा नोटीस दिली’ असं लिहिलेलं असतं. तिथे बाराव्या महिन्यात नुसता मेल पाठवला तरी बोनस गेला. तुमच्या पत्रात राजीनाम्याच्या तारखेला काही किंमत नाही, मोजायचा तो शेवटचा दिवस. तुमचे बारा महिने 15 जूनला भरतात. 11 मेपासून 30 दिवस मोजा, शेवटचा दिवस येतो 10 जून. म्हणजे पाच दिवसांसाठी तुम्ही 2 लाख 40 हजारांचा दावा स्वतःहून अंगावर ओढवून घेत होता.

हाच राजीनामा 18 मे रोजी दिलात तर 30 दिवस 17 जूनला संपतात आणि त्या परिच्छेदाला हात घालायला जागाच उरत नाही. पण थांबा. त्याच परिशिष्टात पुढे आहे की, कंपनीला वाटल्यास उरलेल्या नोटिशीचा पगार देऊन ती तुम्हाला आधीच मोकळं करू शकते. तुम्ही 18 तारखेला मेल पाठवला आणि 29 मेला त्यांनी लॅपटॉप जमा करून घेतला, तर शेवटचा दिवस 29 मे. मग ते म्हणणार, बारा महिने कुठे भरले? यावर आपल्याकडे उत्तर आहे. स्वतःच्या कृतीने दुसऱ्याची मुदत तोडायची आणि त्याच तुटलेल्या मुदतीचे पैसेही मागायचे, हे न्यायालयाला सहसा रुचत नाही. मात्र ते उत्तर न्यायालयात द्यायचं आहे, आणि तिथे पोहोचायला तुम्हाला किती वर्षं लागतील हे मी सांगू शकत नाही. दोन लाखांच्या दाव्यात साध्या मुद्दे निश्चितीला वर्ष उलटलेलं मी पाहिलं आहे. म्हणून निर्धोक तारीख एकच, 16 जून किंवा त्यानंतरची. त्या दिवशी राजीनामा देऊन संध्याकाळी मोकळं केलं तरी बारा महिने पुरे झालेले असतील. नव्या कंपनीला आजच लिहा आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मागा. ती अडून बसली, तरच 18 मेचा विचार करा, तोही वरचा धोका पत्करून.

आता प्रोबेशन. तुमचा समज असा की पत्र आलं नाही म्हणजे तुम्ही अजून प्रोबेशनवर आणि नोटीस 30 दिवसांची. तो बरोबर असेलही, पण एचआरबाईंचं ‘आपोआप होतं’ हे वाक्य त्याच्या नेमकं उलट जातं. आपोआप होत असेल तर तुम्ही कायम झालात, आणि कायम माणसाची नोटीस तुमच्याच पत्रात 90 दिवसांची आहे. त्या वाक्याला तुम्ही दिलासा समजलात, याचं मला नवल वाटतं.

पत्रातच गोंधळ आहे. एका ओळीत लिहिलंय की लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील. दुसऱ्या ओळीत म्हटलंय की प्रोबेशन जास्तीत जास्त तीन महिन्यांनी वाढवता येईल. सहा आणि तीन मिळून नऊ महिने 15 मार्च 2026 ला संपले. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये धरमसिंग प्रकरणात म्हटलं की, नियमांनीच कमाल मुदत ठरवली असेल आणि ती उलटूनही माणूस कामावर असेल, तर त्याला कायम झाल्याचं धरता येतं. कमाल मुदत नसेल, किंवा कायम करायला वेगळा आदेश लागतो असं नियमात असेल, तर नुसती मुदत उलटल्याने कोणी कायम होत नाही. तुमच्या पत्रात दोन्ही तऱ्हा एकत्र कोंबल्या आहेत, आणि तुमची नोकरी सरकारी नियमांवर नाही, करारावर आहे. तेव्हा हा युक्तिवाद दोन्ही बाजूंना करता येईल. मजकूर संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा, हा नियम तुमच्या बाजूने उभा राहतो, आणि लेखी पत्र त्यांनी दिलं नाही ही चूकही त्यांचीच. तरी खात्री देत नाही.

यात काय पणाला लागलंय ते पाहा. कंपनीने 90 दिवस धरले आणि तुम्ही 30 दिवसांत निघालात, तर 60 दिवस कमी पडतात. तुमच्या पत्रात नोटिशीऐवजी द्यायचं ते ‘मूळ वेतन’ असं आहे, एकूण पगार नाही. पगाराच्या तक्त्यात मूळ वेतन महिना 75,000 आहे, म्हणजे हिशेब दीड लाखाचा. एचआरने एकूण पगारावर आकडा काढला तर हा शब्द दाखवा.

आणखी एक. ‘माझी नोटीस किती?’ असा मेल आत्ता एचआरला पाठवू नका. पाठवलात की दुसऱ्या दिवशी डिसेंबरची तारीख टाकलेलं कन्फर्मेशन लेटर येईल. आज कंपनीच्या पोर्टलवर तुमच्या नावापुढे काय स्थिती दिसते ते बघा आणि तारखेसह स्क्रीनशॉट घरच्या मेलवर ठेवा. तिथे ‘प्रोबेशन’ असं दिसत असेल तर तुमची बाजू भक्कम होते. मार्चनंतर पगारवाढीचं किंवा अप्रेझलचं पत्र आलं असेल आणि त्यात कायम झाल्याचा उल्लेख असेल, तर 30 दिवस विसरा.

बोनसचा परिच्छेद मुळात कायदेशीर आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण असे प्रश्न येतात तेव्हा निम्मे लोक कलम 27 घेऊन येतात, म्हणून सांगतो. करार कायद्याचं कलम 27 धंदा-व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरवतं. तुम्हाला दुसरीकडे काम करायला कोणी अडवत नाहीये. ठरावीक काळ टिकण्यासाठी दिलेले पैसे परत मागताहेत. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख देण्याची अटसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने वैध धरली. ती सार्वजनिक बँक होती आणि नव्याने भरती करण्याचा खर्च हा तिथला मोठा मुद्दा होता, तरी त्या निकालानंतर ‘बॉण्ड म्हणजे बेकायदा’ हे पालुपद बंद करायला हवं.

उरतं ते कलम 74. ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. बारापैकी अकरा महिने आणि सव्वीस दिवस काम केलेल्या माणसाकडून पूर्ण 2,40,000 मागणं हे भरपाईपेक्षा दंडासारखं दिसतं, असं मी नक्की मांडेन. पत्रात ‘प्रमाणात’ हा शब्द असता तर मांडावं लागलं नसतं. सही करण्याआधी एका मेलवर तो घालून मिळतो, नंतर त्याच्यासाठी वकील लागतो.

‘ढोबळ रक्कम’ म्हणजे काय ते तुमच्याच आकड्यांत बघा. तुम्हाला 1,90,080 मिळाले, मागणी येईल 2,40,000 ची. मधले 49,920 आयकर खात्याकडे गेले. ते 2025-26 या आर्थिक वर्षातलं टीडीएस होतं आणि ते वर्ष 31 मार्चला बंद झालं. मार्चअखेर सोडलं असतं तर पेरोलवाल्यांना त्याच वर्षात पगारातून बोनस वजा करून कर जुळवता आला असता. आता तो मार्ग त्यांच्या हातात नाही. तुमच्यावर परतफेडीची वेळ आलीच, तर निव्वळ रक्कम घ्या अशी लेखी मागणी करा. ऐकलं नाही तर परतफेडीची पावती घेऊन सीएकडे जा. विवरणपत्रात तेवढं उत्पन्न कमी दाखवता येईल का, हे त्याला कागद बघून ठरवू द्या. कंपनीच्या मागणीत 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला तर तो मुळीच देऊ नका. 3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानेच अशा बॉण्डच्या रकमेवर आणि नोटिशीच्या कपातीवर कर नाही असं स्पष्ट केलं आहे.

कंपनी लगेच दावा लावेल असं नाही. कराराच्या पैशांसाठी तिच्याकडे तीन वर्षं असतात, पण एचआर तेवढं थांबत नाही. ती फुल अँड फायनलमधून कापते आणि रिलीव्हिंग लेटर अडवते. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं, आणि एका वेतनकाळातली एकूण कपात निम्म्या वेतनाच्या वर जाऊ शकत नाही. बोनसची वसुली कायद्याने मान्य केलेल्या कपातींत बसते का, यावर भांडायला जागा आहे. आधी एवढं करा, की पूर्ण कपातीला संमती देणाऱ्या कुठल्याही ‘नो ड्यूज’ फॉर्मवर सही करू नका.

नवी कंपनी बोनसची भरपाई करते म्हणत असेल, तर ते तिच्या ऑफर लेटरमध्ये आकड्यासह लिहून घ्या. तोंडी आश्वासन तुमच्या सध्याच्या एचआरनेही दिलंच होतं. त्या भरपाईलाही परतफेडीची अट असणार. ते पत्र आलं की सही करण्याआधी मला पाठवा, परिशिष्टांसकट.