संक्रांतीनंतर उरलेले स्वेटर: भाव किती उतरवायचा?

संक्रांत झाली तरी ८० स्वेटर पडून आहेत. खरेदी ५०० ची, विक्री ९०० ची. सरळ पन्नास टक्क्यांचा बोर्ड लावू का? (परभणी)

इतक्यात नको. परभणीत जानेवारी सरेपर्यंत पहाटेची थंडी असते, म्हणजे गिऱ्हाईक अजून आहे. सगळे एकदम ४५० ला काढले तर ३६ हजार हाती येतील, आणि ज्याने ७२० दिले असते त्यालाही तुम्ही ४५० लाच देऊन बसाल.

आधी वीस टक्के उतरवा, भाव ७२०. दहा दिवसांत ३० नग गेले असं धरू. मग ५८५ करा. त्यात ३२ गेले, तर उरलेले १८ शेवटी ४५० ला काढा. बेरीज ४८,४२० होते, बारा हजारांहून जास्त फरक. तुमचे आकडे वेगळे येतील. पहिल्या दहा दिवसांत पंचवीस-तीस नग हलले नाहीत तर वाट न पाहता पुढची पायरी गाठा, कारण फेब्रुवारीच्या उन्हात ५८५ लाही कोणी विचारत नाही.

शेवटचे १८ तोट्यातच जातील, ते सोसा. ठेवून दिले तर घडीवर रंग उडतो, कसर लागते आणि लगीनसराईच्या मालाचे पैसे अडकतात.

दरवर्षी सेल लावतो. आता लोक डिसेंबरातच विचारतात, "सेल कधी लागणार?" (जालना)

तारीख ठरलेली आणि माल भरपूर, मग कोण घाई करील? सेलला फक्त तुटलेल्या साईज ठेवा, एका कोपऱ्यातल्या रॅकवर. शाळेचे स्वेटर, साधे काळे-निळे रंग, जे पुढल्या वर्षीही चालतात, त्यांना हात लावू नका. थांबणाऱ्याला आपली साईज मिळेलच अशी खात्री राहिली नाही की तो डिसेंबरात घेतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच एम आणि एल थोडे कमी भरावे लागतात.

सर्वांत वाईट सवय म्हणजे सेलसाठी ठोक बाजारातून वेगळा स्वस्त माल आणणं. तो उरलेला माल नव्हेच. त्याने गिऱ्हाईकाला एवढंच कळतं की स्वस्तातला माल दुकानात कधीच संपत नाही.

वही तपासा: सेलच्या आधीचे तीन आठवडे गेल्या वर्षीपेक्षा मंद आणि सेलमध्ये तीच जुनी नावं, तर लोक थांबू लागलेत. थंडीच उशिरा पडली असेल तर मात्र हा ताळा फसतो.

मागच्या आठवड्यात पूर्ण भावात नेलेला माणूस भांडायला आला तर? (लातूर)

बिल सात दिवसांच्या आतलं असेल तर फरकाची रक्कम पुढच्या खरेदीत वळती करा, रोख परत देऊ नका. जुन्या बिलाला नाही म्हणा, आणि उधारीवर नेलं असेल तर आधी उधारी मागा.