म्हशीच्या बाजारातला कायदा आणि पोलीस चौकीच्या दारातला कायदा

प्रश्न: ‘कॅव्हिएट एम्प्टर’ खरेदीत आपलं रक्षण करतं आणि ‘हेबियस कॉर्पस’ अटकेत, असं वाचलं. नेमकं कशापासून? मी निपाणीजवळचा शेतकरी आहे, इकडच्या उदाहरणानं सांगितलंत तर बरं.

यातलं अर्धंच खरं आहे. कॅव्हिएट एम्प्टर खरेदीदाराचं रक्षण करत नाही, विकणाऱ्याचं करतं. ‘घेणाऱ्यानं बघून घ्यावं’ एवढाच तो नियम. खरेदीदाराला जो आधार मिळतो तो या नियमाच्या अपवादांतून. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, आणि पक्षकाराला हे पटवताना सगळ्यात जास्त वेळ जातो.

तुम्ही शेतकरी, तर म्हैस घेऊ. आठवडी बाजारात दुसऱ्या वेताची म्हैस दिसते. कास भरलेली, किंमत ठरते, म्हैस घरी येते. दुसऱ्या दिवशी कळतं की एक सड बंद आहे, आणि कास भरलेली दिसत होती कारण आदल्या वेळची धार काढलीच नव्हती. विकणारा दुधाबद्दल काही बोललाच नव्हता. मग फसवणूक झाली का?

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ खाली अगदी याच जातीची उदाहरणं आहेत, फक्त म्हशीऐवजी घोडा. अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढच्या उदाहरणात ब ही अ चीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथं नात्यामुळे सांगणं अ चं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण तर बाजाराला जाताना डोक्यात ठेवून जावं असं. ब म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो.’ अ गप्प बसतो. इथं त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

म्हणून पैसे मोजण्याआधी सोबतच्या माणसासमोर स्पष्ट विचारा: ‘चारही सड चालू आहेत ना? अंग बाहेर पडत नाही ना? काही असेल तर आत्ता सांगा, नाहीतर निर्दोष धरून घेतो.’ मग तो गप्प बसला तरी अडकला, खोटं बोलला तर आणखी अडकला. ‘दहा लिटर देते’ असं कुणी ठामपणे सांगितलं आणि तुम्ही त्यावर किंमत ठरवली, तर तेही नुसतं बाजारातलं बोलणं राहत नाही.

तरी एक खाच राहते, आणि ती पक्षकारांना फार बोचते. कलम १९ चा अपवाद असा: समोरचा गप्प राहून फसवत असला, तरी साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळलं असतं, तर व्यवहार मोडता येत नाही. धार काढून बघितली असती तर बंद सड तिथंच कळला असता. म्हणजे धार न काढता घेतलेल्या म्हशीचा बंद सड बहुधा तुमच्याच गळ्यात. उलट, व्याल्यावर अंग बाहेर पडण्याची खोड गाभण म्हशीला बाजारात उभं करून दिसेलच असं नाही. असे दोष आधी विचारून ठेवलेले असले, तरच पुढं भांडण्याजोगे असतात. तिथं तोंडी प्रश्न आणि सोबतचा साक्षीदार हाच तुमचा कागद.

विकणारा कोण आहे, यानं बराच फरक पडतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ नियम तोच ठेवतं, पण व्यापाऱ्यासाठी अपवाद काढतं. गुरांचा धंदा करणाऱ्याला तुम्ही ‘दुधासाठी हवी, तुमच्या पारखीवर घेतो’ असं सांगून म्हैस घेतलीत, तर ती दुधाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. शेजारच्या गावच्या शेतकऱ्यानं गोठ्यातली एक म्हैस विकली, तर ही जबाबदारी त्याच्यावर येत नाही. ग्राहक आयोगाचंही तेच: व्यापाऱ्याविरुद्ध जाता येतं, साध्या शेतकऱ्याविरुद्ध नाही. एक सोय मात्र आपल्यासारख्या सीमेवरच्यांना उपयोगी आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. व्यापारी गडहिंग्लजचा असला तरी बेळगावच्या आयोगात जाता येईल, पण दोन वर्षांच्या आत.

आता हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसासाठी उच्च न्यायालयात करायची याचिका. इथं बाजू उलटी होते. बाजारात बघायचं काम तुमचं होतं, इथं उत्तर द्यायचं काम कोंडणाऱ्याचं. माणूस कोंडलेला आहे हे उच्च न्यायालयाच्या नजरेस आणलं की कोणत्या कायद्यानं कोंडलं हे ताब्यात ठेवणाऱ्यानं दाखवायचं. अर्ज त्या माणसानंच करायला हवा असंही नाही. आई, भाऊ, मित्र कुणीही करू शकतो.

समजा, कोल्हापूरकडची पोलीस गाडी संध्याकाळी निपाणीत येऊन तुमच्या पुतण्याला घेऊन गेली. कुठं नेलं ते कुणी सांगेना. पोलिसांना राज्याच्या हद्दीपलीकडे जाऊन अटक करता येते, त्यात गैर काही नाही. पण राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. अटकेचा पंचनामा करावा लागतो, आणि घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवावं लागतं. पहिल्या दिवशी तुम्ही काय करायचं, तर नेण्याची वेळ, गाडीचा नंबर आणि बघणाऱ्यांची नावं लिहून ठेवायची. मग स्थानिक ठाण्यात आणि पलीकडच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. ‘साहेब म्हणाले उद्या सोडतो’ या वाक्याला कोर्टात काही किंमत नसते, पोचेला असते. चोवीस तास उलटले आणि हजर केलं नाही, तर ही पोच जोडून याचिका करायची.

बहुतेक वेळा नोटीस जाताच पोलीस माणसाला सोडतात, नाहीतर दंडाधिकाऱ्यापुढं नेऊन कोठडीचा आदेश घेतात. तो आदेश आला की हेबियस कॉर्पस सहसा तिथंच संपतं. मग जामिनाचा अर्ज. घरच्यांना हे कळत नाही, ते विचारतात, ‘आधी तर बेकायदा होतं ना?’ होतं, पण हे साधन आज माणूस कोणत्या आधारावर आत आहे एवढंच तपासतं. त्याचा गुन्हा खरा की खोटा, हे नाही. आधी डांबल्याबद्दलची भरपाई वेगळी मागायची.

फक्त पोलिसांविरुद्धच चालतं असंही नाही. सज्ञान मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं आणि घरच्यांनी कोंडलं, अशा याचिका नेहमी येतात. न्यायाधीश तिलाच विचारतात, कुठं जायचंय.

आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयानं हे दारच बंद असल्याचं म्हटलं होतं. चार विरुद्ध एक, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं, आणि तो निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी चुकीचा ठरवला.

याचिका कुठं, हे माणूस कुठं ठेवलाय यावर बघायचं. बेळगाव जिल्ह्यात असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. कोल्हापुरात नेला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, ते ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. निपाणीहून तेच जवळ पडतं.